वार्षिक म्युझिक प्लॅन मध्येच संपवला; सेवा लगेच बंद झाली, पैसे मात्र अडकले

एका म्युझिक अ‍ॅपचा वर्षाचा प्लॅन मी पाचवा महिना संपताना बंद केला. ज्या गायकांसाठी तो घेतला होता, त्यांचे बरेचसे अल्बम तिथून काढले गेले होते. माझ्या प्लेलिस्टमध्ये गाण्यांची नावं करड्या रंगात दिसायची, दाबलं तर काहीच वाजायचं नाही.

बंद करताना स्क्रीनवर दोन पर्याय आले. एक होता पुढचं नूतनीकरण थांबवण्याचा आणि दुसरा प्लॅन आत्ताच संपवण्याचा. दुसऱ्याखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की न वापरलेल्या काळाची रक्कम ज्या मार्गाने भरली त्याच मार्गाने परत मिळेल. मी त्या पानाचा स्क्रीनशॉट घेतला आणि दुसरा पर्याय दाबला. गाणी त्याच क्षणी थांबली. पैसे काही आले नाहीत. विचारणा केली तर उत्तर आलं, 'वार्षिक प्लॅनवर परतावा देणं आमच्या धोरणात बसत नाही.' सोबत अटींच्या पानाची लिंक होती आणि त्या पानावर खरंच तसं लिहिलं होतं.

आता आधी नियम काय असतो ते सांगतो, कारण प्रत्येक नकार म्हणजे फसवणूक नसते. बहुतेक म्युझिक सेवांमध्ये 'रद्द करा' दाबल्यावर फक्त पुढच्या वर्षीची वसुली थांबते. भरलेलं वर्ष संपेपर्यंत गाणी ऐकता येतात, आणि म्हणून पैसेही परत मिळत नाहीत. हा सौदा कोरडा असेल, पण खोटा नाही. काही ठिकाणी कायदा सुरुवातीचे थोडे दिवस देतो. युरोपियन युनियनमध्ये ऑनलाइन खरेदीला 14 दिवसांची माघार घेण्याची मुदत आहे. पण सहाव्या महिन्यात तिचा उपयोग नाही. वर्षाच्या मध्ये पैसे मागायचे तर सहसा दोनच आधार उरतात. एकतर कंपनीने स्वतः लेखी कबूल केलेलं असावं, नाहीतर विकलेली सेवा मुळात जशी सांगितली तशी उरलेली नसावी. दुसरा मुद्दा म्युझिकच्या बाबतीत लंगडा पडतो, कारण 'गाण्यांचा संग्रह कधीही बदलू शकतो' हे वाक्य जवळपास प्रत्येक सेवेच्या अटींत असतं. म्हणून गायब अल्बमवर भांडण्यात मी वेळ घालवला नाही. मी पकडलं ते कबुलीला.

आणखी एक गोष्ट पहिल्याच दिवशी बघायची: पैसे घेतले कोणी? प्लॅन फोनच्या अ‍ॅप स्टोअरमधून घेतला असेल तर पावती स्टोअरच्या नावाने येते आणि परताव्याचा निर्णयही बहुधा स्टोअरकडून होतो. अ‍ॅपलचा अर्ज reportaproblem.apple.com वर करतात. गुगल प्लेवर पहिल्या 48 तासांत थेट गुगलकडे मागता येतं. नंतर सहसा अ‍ॅप बनवणाऱ्याकडे जायला सांगतात. मोबाइल कंपनीच्या पॅकमधून आला असेल तर तिसराच दरवाजा. चुकीच्या दारात लोक आठवडे घालवतात आणि तेवढ्यात मुदती निघून जातात. माझी पावती थेट म्युझिक सेवेची होती, कार्डाने भरलेली, त्यामुळे हा गोंधळ टळला.

आता त्या अटींच्या पानाकडे येऊ. पानाच्या वरच्या कोपऱ्यात 'शेवटचा बदल' अशी तारीख होती आणि ती माझ्या खरेदीनंतरची होती. म्हणजे मला दाखवलेला नियम मी पैसे भरले तेव्हा अस्तित्वातच नव्हता. खरेदीच्या दिवशी आलेल्या ईमेलमध्ये मात्र स्पष्ट होतं: प्लॅन कधीही संपवता येईल, वापरलेले महिने मासिक दराने धरले जातील आणि उरलेली रक्कम परत दिली जाईल.

ही 'मासिक दराने' ओळ नीट वाचा, कारण परताव्याचा हिशेब दोन तऱ्हांनी होतो आणि आकडे वेगळे येतात. समजा, वार्षिक प्लॅनची किंमत दहा महिन्यांच्या मासिक शुल्काएवढी आहे; वर्षाचे एकदम भरल्याबद्दल दोन महिने फुकट. पाच महिने वापरून सोडलं. सरळ प्रमाणात हिशेब केला तर बारापैकी सात महिने उरले, म्हणून दहा शुल्कांचे सात-बारांश, म्हणजे सुमारे 5.8 शुल्कं परत. मासिक दराने केला तर पाच महिन्यांची सवलत काढून घेतली जाते: दहातून पाच वजा, पाच शुल्कं परत. या दुसऱ्या पद्धतीत दहावा महिना संपला की परतावा शून्य होतो, वर्षाचे दोन महिने बाकी असले तरी. तेव्हा नवव्या-दहाव्या महिन्यात 'आत्ताच संपवा' दाबण्यात अर्थच नसतो. नूतनीकरण थांबवायचं आणि उरलेलं वर्ष ऐकायचं. मी मागितली ती पाचच शुल्कं, कारण ईमेलमध्ये तेच कबूल होतं. जास्त मागितलं असतं तर आकड्यावरच वाद घालत बसले असते.

माझ्या बाजूने लढल्या त्या तीन वस्तू: खरेदीचा ईमेल, रद्द करतानाच्या पानाचा स्क्रीनशॉट आणि जुन्या अटींची प्रत. तिसरी माझ्याकडे नव्हती, पण web.archive.org वर मिळाली. तिथे पानाचा पत्ता टाकला की वेगवेगळ्या तारखांना साठवलेल्या प्रती दिसतात. माझ्या खरेदीच्या आधीची सर्वांत जवळची प्रत उघडली, तर तिथे परताव्याचं कलम जागेवर होतं आणि शब्दही जवळपास ईमेलसारखेच. एक खाचखळगा मात्र आहे. अनेक सेवा देशानुसार वेगळ्या अटी दाखवतात आणि साठवलेली प्रत कुठल्याशा दुसऱ्याच देशाची असू शकते. पानावर कोणत्या देशासाठी लिहिलं आहे हे तपासल्याशिवाय ती पुढे करू नका. समोरचा तिथेच तुम्हाला पाडेल. लॉगिन करून दिसणारी पानं तिथे साठवली जात नाहीत, त्यामुळे रद्द करण्याचं पान तुम्हालाच जपावं लागतं. सर्वांत सोपं म्हणजे प्लॅन घेतानाच अटींचं पान पीडीएफ करून ठेवणं.

स्क्रीनशॉटचंही तसंच. नुसतं बटण आणि खालची ओळ कापून ठेवली तर ती कुठली, कधीची, कुणाच्या खात्याची हे कळत नाही. पत्त्याची पट्टी, खात्याचं नाव आणि तारीख-वेळ एकाच चित्रात यायला हवी. त्याहून बरं म्हणजे प्लॅनच्या पानापासून शेवटच्या 'रद्द झालं' या संदेशापर्यंत स्क्रीन रेकॉर्ड करणं. मग तुम्ही दुसराच पर्याय दाबला, असं कुणी म्हणू शकत नाही. आणि कंपनीने हे म्हणून पाहिलं बरं का! त्यांचं दुसरं उत्तर होतं की आमच्या नोंदीनुसार तुम्ही केवळ नूतनीकरण थांबवलं आहे. मग गाणी त्याच दिवशी कशी बंद झाली, या प्रश्नाला उत्तर आलं नाही. रद्द केल्याचा ईमेल मात्र माझ्याकडे होता आणि त्यात सेवा संपल्याची तारीख त्याच दिवसाची होती.

ईमेल पुढे पाठवून साठवू नका, मूळ फाइल उतरवून घ्या. जीमेलमध्ये `Show original` उघडलं की ती .eml स्वरूपात मिळते आणि त्यात पाठवणाऱ्याचा आणि वेळेचा पूर्ण तपशील असतो. चॅटवर कुणी काही कबूल केलं तर खिडकी बंद करण्याआधी मजकूर कॉपी करा आणि लगेच ईमेलने कळवा, 'आज चॅटवर तुम्ही असं सांगितलंत.' आणि रागाच्या भरात खातं डिलीट करू नका. जुन्या पावत्या आणि तक्रारींचे क्रमांक बहुतेक वेळा खात्यातच असतात, खात्याबरोबर तेही जातात. नुसतं अ‍ॅप काढून टाकणं तर दोन्हीकडून वाईट, कारण त्याने प्लॅन रद्दच होत नाही.

जुन्या अटींची प्रत पाठवल्यावर सूर बदलला. आधी पैशांऐवजी पुढच्या खरेदीसाठी कूपन देऊ केलं. मी नाकारलं, कारण कूपन घेतलं की तडजोड मान्य केली असं पुढे म्हणता येतं. मग 'परतावा पाठवला आहे, काही दिवसांत दिसेल' असा निरोप आला. हे वाक्य वेळ काढण्यासाठी फार वापरलं जातं. त्यावर विचारायचा प्रश्न एकच: परताव्याचा एआरएन क्रमांक द्या. कार्डावर परत आलेल्या व्यवहाराला 23 अंकी संदर्भ क्रमांक असतो आणि त्यावरून तुमची बँक पैसे कुठे अडकले हे शोधू शकते. परतावा खरोखर गेला असेल तर क्रमांक काढता येतो. मला तो मिळाला नाही, मिळाला फक्त त्यांच्या तक्रारीचा क्रमांक.

तेव्हा मी बँकेकडे गेलो. कार्डाच्या वादासाठी कारण नेमकं निवडावं लागतं. 'सेवा आवडली नाही' असं लिहिलं तर अर्ज टिकत नाही. माझं प्रकरण होतं कबूल केलेली रक्कम परत न मिळण्याचं. व्हिसाच्या नियमांत यासाठी 13.6 असा वेगळा प्रकारच आहे. मुदत साधारण 120 दिवसांची असते, पण ती नेमकी कुठून मोजायची ते बँकेला विचारून घ्यावं. काही बँका स्वतःची याहून छोटी मुदतही लावतात, म्हणून कंपनीच्या आश्वासनांवर फार दिवस थांबू नये. अर्जात पूर्ण वर्षाची रक्कम टाकू नका. वापरलेले महिनेही मागितलेत तर कंपनी ऐकल्याच्या नोंदी दाखवते आणि सगळाच दावा संशयास्पद ठरतो. मी पाच शुल्कांचा हिशेब, खरेदीचा ईमेल, रद्द केल्याचा ईमेल, स्क्रीनशॉट आणि 'परतावा पाठवला' हा निरोप, एवढंच तारखेच्या क्रमाने जोडलं. तो निरोप सर्वांत उपयोगी पडला, कारण त्यात परतावा देणं लागतो हे त्यांनीच मान्य केलं होतं. पैसे आले.

बँकेचा मार्ग धरण्याआधी प्लेलिस्टची यादी आणि विकत घेतलेली गाणी उतरवून घ्या. कार्डावर वाद घातल्यानंतर काही कंपन्या खातं गोठवतात आणि त्यात स्वतंत्रपणे विकत घेतलेला संग्रहही अडकतो. माझं खातंही गोठवलं गेलं. यादी आधीच बाहेर काढलेली होती.

कागद मात्र अजून टाकलेले नाहीत. मूळ प्लॅनची वर्षाची तारीख अजून यायची आहे आणि त्या दिवशी नूतनीकरणाची वसुली झालीच तर तोच रद्द केल्याचा ईमेल पुन्हा लागेल. त्या तारखेनंतर कार्डाचं एक स्टेटमेंट कोरं गेलं की फाइल काढून टाकणार आहे.