पाडव्याचा निरोप: टाइप करून की बोलून?

फुलांच्या चित्रावर ‘शुभ पाडवा’ लिहिलेलं फॉरवर्ड नवऱ्याला पाठवायचं नाही, एवढं तुम्ही ठरवलंय असं धरते. राहिला प्रश्न, लिहून पाठवायचं की आवाज रेकॉर्ड करून? आमचे हे मस्कतला असतात. मी दोन्ही करून पाहिलंय.

त्याआधी तारीख बघा. लक्ष्मीपूजनाचा दुसरा दिवस म्हणजे पाडवा, हे दरवर्षी जमतंच असं नाही. 2022 मध्ये मधल्या दिवशी सूर्यग्रहण होतं आणि पाडवा 26 ऑक्टोबरला आला. फॉरवर्ड मात्र 25 लाच यायला लागले होते.

आवाजाची गोडी वेगळीच, हे कबूल. मागे कुकरची शिट्टी, मुलीचं ‘बाबांना मी सांगते’, सगळं आपोआप जातं. लिहायला बसलं की माझी भाषा अर्ज केल्यासारखी होते. म्हणून पहिल्या वर्षी मी बोलूनच पाठवलं, चांगलं तीन मिनिटं.

घोळ तिकडे झाला. खोलीत हे धरून चौघे. त्यांनी फोन कानाला न लावता, चहा गाळता गाळता ओट्यावर ठेवूनच लावला. माझं ‘अहो, तुमच्याशिवाय पाट रिकामा वाटतो’ चौघांनी ऐकलं. दिवाळी संपली तरी एक जण यांना ‘पाट कसा आहे?’ विचारत होता. यांचं उत्तर आलं, ‘ऐकलं.’ एवढंच. चिडायचं कोणावर? पुढच्या वर्षी रेकॉर्ड करायला बसले तर प्रत्येक वाक्याला ते तिघेच डोळ्यांसमोर. आवाज आपोआप बातम्या देणाऱ्या बाईसारखा झाला. पुसून टाकलं आणि हे लिहिलं:

‘अहो, तबक मांडलंय. निरांजन, सुपारी, अक्षता, आणि तुम्ही बेसिनवर विसरून गेलेली अंगठी. तिलाच ओवाळते आता. सारण कमी पडलं, शेवटच्या चार करंज्या निम्म्या रिकाम्या आहेत. त्या तुमच्या. ओवाळणी नको, आज जेवून मग फोन करा.’

हे लिहायला मला वीस मिनिटं लागली. आधी ओट्याशी उभी राहून मोठ्यानं म्हणून पाहिलं, मग तसंच टाइप केलं. त्यामुळे अर्जाची भाषा आली नाही. ‘सुखसमृद्धी’ आणि ‘भरभराट’ मुद्दाम गाळले, ते कोणालाही चालतात. अंगठी फक्त यांनाच कळणार.

तुमचे हे एकटे राहत असतील, किंवा गाडीत एकट्यानं ऐकत असतील, तर आवाज खुशाल पाठवा. माझ्या एका मैत्रिणीचं त्यातच छान चाललंय. आमच्याकडे मात्र मार्चमध्ये कधीतरी रात्री यांचा मेसेज आला. तोच जुना निरोप वर ओढून, खाली एक ओळ: ‘त्या चार करंज्या आहेत का अजून?’