एकच टीव्ही, सतरा माणसं : ‘किल्ला’, ‘बनवाबनवी’ की ‘नारबाची वाडी’?

दिवाळीत आमच्या कुडाळजवळच्या घरी सतरा माणसं असतात. ठाण्याची बहीण, भावोजी आणि त्यांची दोन मुलं, बेंगळुरूचा भाऊ, वहिनी आणि त्यांच्या दोन मुली, काका-काकू, चुलत भावाचं कुटुंब, आम्ही तिघं आणि ऐंशी पार केलेली आई. टीव्ही मात्र एकच, माजघराच्या भिंतीवर टांगलेला. सुट्टी सात-आठ दिवसांची असली तरी सगळे एकत्र बसतील अशा संध्याकाळी दोन, फार तर तीन मिळतात. नरकचतुर्दशीला पहाटे कारीट फोडायचं असतं, मग घरोघरी पोहे खायला जायचं असतं. त्यातच भातकापणी चालू असते, त्यामुळे काका नऊ वाजता पेंगायला लागतात. म्हणून मी सिनेमा साडेसहाला लावतो आणि जेवण मागाहून ठेवतो.

गेल्या तीन दिवाळ्यांत त्या मुख्य संध्याकाळी मी तीन वेगळे सिनेमे लावले. तिन्ही चांगले आहेत, त्यावर माझं दुमत नाही. पण भरल्या घरात कोणता चालतो हे चांगलं-वाईट यावरून ठरत नाही, असं मला आता वाटतं. तुमचं घर वेगळं असेल, माणसं वेगळी असतील, तेव्हा हे सगळं त्या हिशेबानं घ्या.

पहिल्या वर्षी ‘किल्ला’ लावला. अविनाश अरुण यांचा सिनेमा. २०१४ साली बर्लिनच्या महोत्सवात मुलांच्या ज्युरीनं त्याला क्रिस्टल बेअर दिलं होतं. मला वाटलं, मुलांनीच निवडलेला आणि कोकणातला, याहून बरं काय असणार? वडील गेलेला अकरा वर्षांचा चिन्मय आईच्या बदलीमुळे कोकणातल्या छोट्या गावात येतो आणि नव्या मित्रांमध्ये रुळायला धडपडतो, एवढीच गोष्ट. पण ती बोलण्यातून कमी आणि पाऊस, समुद्र, चेहरे यांतून जास्त सांगितली आहे. मुलं हळू बोलतात, मध्येच थांबतात, अर्धं वाक्य गिळतात. खऱ्या मुलांसारखी.

आणि तिथेच आमचं अडलं. दहाव्या मिनिटाला आईनं विचारलं, “काय सांगल्यान रे?” मी सांगितलं. मी सांगत होतो तेवढ्यात पुढचं वाक्य निघून गेलं, म्हणून वहिनीनं विचारलं, “आता काय म्हणाला?” बहिणीनं तिला सांगितलं, तेव्हा मुली म्हणाल्या, “आत्या, मागे घे ना.” मागे घेतलं. तोवर बाहेर लवंगी माळ लागली, परत मागे घेतलं. दोन तासांहून लहान असलेला सिनेमा पावणेतीन तास चालला. मित्र चिन्मयला भर पावसात किल्ल्यावर सोडून जातात तो प्रसंग आला तेव्हा स्वयंपाकघरातली ट्यूबलाइट थेट पडद्यावर पडत होती, आणि त्या अंधारात थोरलीला फक्त स्वतःचं प्रतिबिंब दिसलं. धाकटी त्याआधीच उठून गेली होती.

मी आवाज वाढवून पाहिला. मग संगीत आणि पाऊस मोठे झाले, बोलणं तिथेच राहिलं. पुढे कळलं की यातला निम्मा दोष सेटिंगचा होता. ॲपमध्ये ऑडिओ ५.१ वर, म्हणजे सहा स्पीकरांसाठी वाटलेला असेल, तर बोलणं मुख्यतः मधल्या चॅनेलवर असतं. आपल्या टीव्हीला मात्र दोनच स्पीकर असतात आणि तेही खाली किंवा मागे तोंड करून. सगळं त्या दोघांत कोंबताना बोलणं दबतं. ऑडिओच्या यादीत स्टिरिओ असेल तर तो घ्यावा आणि टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये बोलणं उठावदार करणारा पर्याय चालू करावा. त्यानं फरक पडतो. पण हळू बोलणारा सिनेमा हळूच बोलणार, ते सेटिंगनं बदलत नाही.

दुसऱ्या वर्षी म्हटलं, सगळ्यांना पाठ असलेलाच लावूया. ‘अशी ही बनवाबनवी’, १९८८. याच्याबद्दल मी काय सांगणार! सचिन पिळगावकरांचा हा सिनेमा भरल्या घरासाठीच केलाय की काय, असं वाटतं. बोलणं खणखणीत, प्रसंग छोटे छोटे. मध्येच उठून चकल्या तळायला गेलेलं माणूस परत आलं तरी त्याला काही विचारावं लागत नाही. आई पूर्ण वेळ बसली आणि तिनं एकदाही “काय सांगल्यान” म्हटलं नाही, कारण तिला कोण कधी काय बोलणार हे ठाऊकच होतं. वीज अर्धा तास गेली, परतीच्या पावसात आमच्याकडे जातेच. आल्यावर गाडी होती तिथून सुरू झाली, कुणाचं काही चुकलं नाही.

एवढं सगळं जुळून आलं तरी तोच प्रश्न दुसऱ्या दारानं आला. विश्वासराव सरपोतदारांचा घरभाड्याचा प्रसंग लागला आणि भावोजी, चुलत भाऊ आणि माझा मुलगा तिघांनी मिळून संवाद पडद्यावरच्या माणसांच्या आधी म्हटले. सगळे हसले. बेंगळुरूच्या पुतणीनं वर पाहिलं आणि विचारलं, “ते काय म्हणाले?” ती अकरा वर्षांची आहे, हा सिनेमा तिनं पहिल्यांदाच पाहिला. तिच्या कानावर अशोक सराफ पडलेच नाहीत, भावोजी पडले. लीलाबाई काळभोरांच्या घरी चौघं बिऱ्हाड करतात तोपर्यंत तिनं पाच-सहा वेळा विचारलं, मग विचारायचं सोडलं आणि आईचा मोबाइल घेऊन खिडकीत बसली. हसणाऱ्या पंधरा माणसांत ती एकटी बाहेर राहिली होती. मला ते फार लागलं. सुट्टीत तिला चारच दिवस आमच्याबरोबर मिळतात.

तुमच्या घरातल्या सगळ्या मुलांनी ‘बनवाबनवी’ पाहिलेला असेल, तर हा मुद्दा तुम्हाला लागू नाही. मग डोळे मिटून तोच लावा, दुसरं काही शोधूच नका. पण बाहेर वाढलेली, मराठी समजणारी पण चटकन न पकडणारी मुलं असतील, तर पाठ असणाऱ्यांना आधी विनंती करावी लागते, आणि ती कुणी पाळत नाही.

तिसऱ्या वर्षी ‘नारबाची वाडी’ लावला. आदित्य सरपोतदार यांचा २०१३चा सिनेमा, मूळ मनोज मित्र यांच्या बंगाली नाटकावरून घेतलेला. पण पाहताना ही गोष्ट बंगालातून आली असेल असं वाटत नाही, इतकी ती आपल्या माडा-पोफळींत रुजली आहे. म्हाताऱ्या नारबाच्या वाडीवर खोताचा डोळा. नारबा आता जातोच म्हणून खोत त्याच्याशी करार करतो : नारबा जिवंत असेतो त्याला दरमहा पैसे द्यायचे, तो गेला की वाडी खोताची. आणि पैसे सुरू झाल्यावर नारबा काही मरत नाही. दिलीप प्रभावळकर नारबा, मनोज जोशी खोत.

हे दोन वाक्यांत सांगता येतं, आणि माझ्या मते याच्या बाजूनं अर्धं मत तिथेच पडतं. सहा वर्षांच्या मुलीलाही कळतं की एक जण दुसऱ्याच्या मरणाची वाट बघतोय आणि दुसरा तर चांगला धडधाकट होतोय. मध्ये पाच मिनिटं उठून गेलेल्यानं आत येऊन “मेला का?” एवढंच विचारायचं. “नाय.” बसायचं.

पण माझ्या लेखी निर्णय झाला तो मालवणीमुळे. सिनेमा सुरू झाला आणि पाचव्या मिनिटाला प्रश्न आलाच : “काय म्हणाला?” या वेळी विचारणारी पुतणी होती. मी तोंड उघडायच्या आत आईनं उत्तर दिलं. थोड्या वेळानं धाकटीनं विचारलं, आईनं पुन्हा सांगितलं. मग वहिनीनं विचारलं. आईची खुर्ची मी मुद्दाम टीव्हीपासून पाच फुटांवर, तिचा चांगला डावा कान स्पीकरकडे येईल अशी लावली होती, तिथे दोन्ही मुली तिच्या पायाशी सरकून बसल्या. झील म्हणजे मुलगा, चेडू म्हणजे मुलगी, गजाल म्हणजे गप्पा, हे सिनेमा संपल्यावरही चालू राहिलं. पहिल्या वर्षी जिला आम्ही वाक्यं समजावत होतो, ती आता सगळ्यांना समजावत होती. मागे घ्यायची वेळ दोनदाच आली आणि दोन्ही वेळा कारण फटाके होते.

याच्याही अडचणी आहेत. गोष्टीचा सगळा विनोद म्हाताऱ्या माणसाच्या मरणाभोवती फिरतो. आमची आई त्यावर सगळ्यांत जास्त हसली, पण घरात कुणी खरंच आजारी असेल किंवा वर्षभरात कुणी गेलेलं असेल, तर हा लावू नये. मालवणी कुणालाच येत नसेल, तर वर सांगितलेला फायदा उरत नाही. नाशिक-नागपूरच्या घरात कदाचित ‘बनवाबनवी’च पुढे जाईल. आणि सहा वर्षांहून लहान मुलं शेवटपर्यंत बसतील अशी अपेक्षा धरू नये. त्यांचा कार्टूनचा सिनेमा दुपारी जेवणानंतर, मोठी माणसं आडवी झाली की लावून द्यावा. म्हणजे संध्याकाळी रिमोटवरून रडारड होत नाही.

एक काम मात्र कोणताही सिनेमा निवडला तरी आधी करावं. सिनेमे एका ॲपवरून दुसऱ्यावर जातात, गेल्या वर्षी होता तिथे या वर्षी नसतो. म्हणून वसुबारसेच्या आधी शोधून पाहावा आणि ॲपमध्ये सोय असेल तर मोबाइलवर उतरवून ठेवावा. वीज गेली की आमचा राउटर जातो, आणि मग घरात नेटवर्क फक्त तुळशीपाशी मिळतं. मोबाइलवरून टीव्हीला जोडणारी केबल मात्र त्याच मोबाइलवर आधी चालवून बघा, सगळ्या मोबाइलना ती चालत नाही. आणि गडगडाट जवळ आला तर सिनेमा कितीही रंगलेला असो, टीव्हीचा प्लग काढा.

या वर्षी चतुर्दशीच्या संध्याकाळी पुन्हा ‘नारबाची वाडी’ आहे, मुलींनी फोनवर तसं सांगून ठेवलंय. ‘बनवाबनवी’ पाडव्याच्या दुपारी, येईल तो बसेल, जाईल तो जाईल. ‘किल्ला’ मी गेल्या वर्षी भाऊबीजेनंतर, सगळे गेल्यावर पुन्हा लावला. आम्ही तिघंच होतो, स्वयंपाकघरातला दिवा बंद होता, आवाज वीसवर होता. किल्ल्यावरचा पाऊस त्या रात्री पहिल्यांदा नीट ऐकू आला.