‘सुंदर ते ध्यान’ की ‘रूप पाहतां’?

वारीच्या रीलसोबत टाकायच्या चित्रासाठी दोन ओळींवर आमचं अडलं होतं. रीलमध्ये एक आजी पालखीकडे टक लावून बघताहेत, तीच फ्रेम चित्राला घेतलेली. आकार १०८० बाय १३५०.

तुकोबांची ओळ मोठ्या अभंगाची, म्हणजे ६-६-६-४ अक्षरांची. त्यामुळे ती चार ओळींतच मांडावी लागते:

सुंदर ते ध्यान
उभे विटेवरी
कर कटावरी
ठेवोनिया

‘विटेवरी’खाली ‘कटावरी’ आलं की यमक डोळ्यांनाही दिसतं. मी आधी दोनच ओळींत बसवायला गेलो, तर ‘कर’ वरच्या ओळीत आणि ‘कटावरी’ खाली गेलं. वाचताना ठेचच लागते. पण चार ओळींनी चित्राचा निम्मा भाग खाल्ला आणि आजींचं कपाळ झाकलं. शिवाय शब्द विठ्ठलाचं रूप सांगतात, आणि चित्रात विठ्ठल नाहीच.

माउलींची ओळ आठ-आठ अक्षरांची:

रूप पाहतां लोचनीं
सुख जालें वो साजणी

दोन सारख्या ओळी, खालच्या पट्टीत सहज मावतात. इथे बोलणारी बघणारी आहे, म्हणून ओळ आजींच्या डोळ्यांशी जुळते. ओळींतलं अंतर मात्र वाढवावं लागलं, नाहीतर ‘जालें वो’च्या मात्रा वरच्या ओळीतल्या अक्षरांना टेकतात.

मी हीच घेतली. कॅप्शनमध्ये ओळ पुन्हा नको, ती चित्रावर आहेच. ‘पालखी पुढे गेली, आजी अजून तिथेच. अभंग : संत ज्ञानेश्वर.’ एवढंच लिहिलं. तुकोबांची ओळ गाभाऱ्यातल्या फोटोसाठी राखून ठेवली आहे.