जाळीचं कुंपण: पहारीने ओढायचं की पट्टी-पुलरने?

चेनलिंक जाळी घेताना सगळी घासाघीस गेजवर होते. १० गेज घ्यायची की १२, २ इंची की ३ इंची, एवढंच बोलणं होतं. ती खांबांवर ताणणार कशी, हे कुणी विचारत नाही आणि कुंपणवालाही आपणहून सांगत नाही. माझ्या मते हा प्रश्न गेजच्या आधीचा आहे. १० गेजची, म्हणजे सव्वातीन मिलिमीटर तारेची महाग जाळी ढिली लावली, तर रानडुक्कर तिच्याखाली नाक घालून ती सहज उचलतं. १२ गेजची जाळी खालच्या तारेला धरून नीट ताणलेली असेल, तर तेच काम त्याला बरंच जड जातं.

आपल्याकडे सर्रास चालते ती पहारीची पद्धत. जाळीचं एक टोक बाइंडिंग तारेने कोपऱ्याच्या खांबाला बांधतात आणि रोल उलगडत पुढे नेतात. पुढच्या खांबापाशी एक जण जाळीच्या घरात पहार घालून मागे रेटतो आणि दुसरा तेवढ्यात तार पिळून घेतो. मग त्याच्या पुढचा खांब. जास्तीचं अवजार लागत नाही आणि दिवसाभरात बरीच लांबी उरकते. मात्र ताण प्रत्येक गाळ्यात वेगळा पडतो, आणि तो धरून ठेवायचं काम बारक्या बाइंडिंग तारेवर येतं. ही तार काळी, नरम आणि जस्त न चढवलेली असते. कोकणातल्या पावसात तिला गंजायला वेळ लागत नाही. एक गाठ तुटली की तो गाळा ढिला पडतो आणि शेजारच्या गाठींवर जास्तीचा भार येतो.

पट्टी-पुलरच्या पद्धतीत ताण फक्त दोन टोकांचे खांब धरतात. जाळीच्या उंचीएवढी लोखंडी चपटी पट्टी शेवटच्या घरांतून वरपासून खालपर्यंत ओवायची आणि ती क्लॅम्प व बोल्टने खांबाला पक्की करायची. क्लॅम्प साधारण फुटाला एक धरावा. मधले खांब आणि त्यांच्यावरची बांधणी जाळीला फक्त जागेवर उभी ठेवतात, त्यांच्यावर ओढ येत नाही. त्यामुळे पुढे एखादी गाठ गेली तरी कुंपण ढिलं पडत नाही.

एक बाजू धरून बघू. ३० मीटर सरळ लांबी, ५ फुटी जाळी, १५ मीटरचे दोन रोल, अडीच मीटरवर एक अँगल, म्हणजे मधले ११ खांब. पहिलं काम दोन रोल एक करायचं. इथे दोन पद्धतींमधला फरक डोळ्यांना दिसतो. पहारीवाले दोन टोकं शेजारी ठेवून बाइंडिंग तारेने शिवतात आणि त्यांच्या ओढीला ते चालून जातं. पुलरच्या ओढीला ही शिवण उसवते. म्हणून जोड विणूनच घ्यायचा. जाळीतली प्रत्येक तार नागमोडी असते आणि शेजारच्या तारेत फिरवून अडकवलेली असते. एका रोलच्या शेवटच्या तारेची वरची आणि खालची वाकवलेली टोकं पक्कडीने सोडवायची आणि तार स्क्रूसारखी फिरवत वर काढायची. दोन्ही रोल समोरासमोर आणून तीच तार, दोन्हीकडचं एकेक घर पकडत, पुन्हा फिरवत खाली उतरवायची. घरं जुळली नाहीत तर एका बाजूची आणखी एक तार काढली की जुळतात. शेवटी टोकं वाकवून टाकायची. नीट झालेला जोड नंतर शोधूनही सापडत नाही.

जाळी उभी करण्याआधी वर, मध्ये आणि खाली अशा तीन आडव्या तारा ताणून घ्या. मग जाळी एका कोपऱ्याला पट्टीने पक्की करा आणि वरच्या तारेला जागोजागी सैल टांगा. दुसऱ्या टोकाला खांबाच्या साधारण मीटरभर अलीकडे एक जास्तीची पट्टी ओवायची. पुलरची ओढ या पट्टीवर घ्यायची. हार्डवेअरच्या दुकानात रॅचेट पुलर किंवा केबल पुलर मागितला की मिळतो: दोन हुक, मध्ये केबल आणि दात्यांचं चाक फिरवणारा दांडा. एकच हुक पट्टीच्या मध्यावर लावला तर जाळीचा मधला भाग पुढे येतो आणि वरचा-खालचा ढिला राहतो. ५ फुटी जाळीला दोन पुलर लावून आळीपाळीने एकेक दाता घ्यावा. एकच पुलर असेल तर पट्टीच्या वरच्या आणि खालच्या भागाला साखळी बांधून तिच्या मध्यावर हुक अडकवावा.

कितपत ओढायचं? एक घर मुठीत दाबून बघा. ते जेमतेम पाव इंच मिटलं की थांबा. घरं आडवी लांबट दिसायला लागली आणि जाळीची उंची कमी भरली, तर जास्त झालं. दांड्याला पाइप लावून जोर वाढवू नका आणि केबलच्या रेषेत कुणाला उभं राहू देऊ नका. ताण आला की पुलर आणि खांब यांच्यामधली ढिली जाळी हाताने खांबापर्यंत ओढून माप घ्या. जास्तीचा तुकडा तार फिरवून वेगळा करा, त्या जागी शेवटची पट्टी ओवून बोल्ट आवळा आणि मगच पुलर एकेक दाता सोडा. जाळी आधी मापाने कापून ठेवली तर ताणल्यावर ती लांब पडते.

बांधणीला १४ गेजची जीआय तार घ्या. मधल्या खांबांवर फुटाला एक आणि आडव्या तारांवर दोन फुटांना एक बांधलीत की पुरे. खालच्या तारेवर मी जवळ जवळ बांधतो, कारण डुकराचा जोर तिथेच येतो.

या पद्धतीची अडचण कोपऱ्याच्या खांबात आहे. सगळी ओढ त्याच्यावर येते. त्याला ओढीच्या दिशेने तिरका टेका हवा, आणि काँक्रीट भरून किमान आठवडा झाल्याशिवाय पुलर लावू नये. ओढताना खांबाला ओळंबा लावून ठेवा. वरचं टोक आत झुकायला लागलं तर जाळीची घाई सोडून आधी टेका दुरुस्त करा. सिमेंटचे तयार खांब असतील तर जास्त जपायला हवं, कारण वरच्या टोकाला ओढ बसली की बुडाशी तडा जातो. अशा वेळी फक्त कोपऱ्यांना जाड लोखंडी अँगल घ्यावा, मधले सिमेंटचे चालतात.

बांधाच्या वळणाने जाणाऱ्या कुंपणाला पुलर फारसा कामाचा नाही. लांब ओढीने जाळी वळणाच्या आतल्या बाजूला सरकते आणि मधले खांब ढकलते. तिथे प्रत्येक सरळ तुकड्याला टेका दिलेला वेगळा खांब हवा. तुकडे दहा-पंधरा फुटांचेच पडत असतील तर तो खर्च परवडत नाही आणि पहारच बरी. चढ-उतार बदलतो तिथेही हाच हिशोब. परसातली दोन-चार गाळ्यांची जाळी किंवा वर्ष-दोन वर्षांसाठी रोपवाटिकेभोवती घातलेलं कुंपण असेल तर पुलर शोधत बसू नका. पहारीने ओढा, फक्त काळ्या तारेऐवजी जीआय तार वापरा. २० मीटरच्या पुढची सरळ बाजू, त्यातही गुरांची किंवा डुकरांची वाट असलेली, असेल तर ठेक्यात तीन गोष्टी लिहून घ्या: दोन्ही टोकांना पट्टी, कोपऱ्याला टेका आणि रोलचे जोड विणून. पैसे चुकते करण्याआधी मधल्या गाळ्यातलं एक घर मुठीत दाबून बघा.