पॅनेलमधल्या चौघांचे आभार: एकच मेल, नाव बदललेला मेल, की चार वेगळे मेल?

मुलाखत एकाच माणसाने घेतली असेल तर आभाराचा मेल लिहायला फारसा विचार करावा लागत नाही. पॅनेल असलं की अडतं. चौघांना मिळून एकच मेल टाकायचा, एक मेल लिहून त्यातलं नाव तेवढं बदलायचं, की चौघांना चार वेगळे मेल लिहायचे? सामाजिक संस्थांच्या निवडीच्या पॅनेलवर मी बरीच वर्षं बसते आहे. हे तिन्ही प्रकारचे मेल माझ्याकडे आलेले आहेत आणि ते आल्यावर पुढे काय होतं तेही मी पाहिलं आहे.

एक अपवाद आधीच सांगून टाकते. एमपीएससी, यूपीएससी किंवा सरकारी बँकेची भरती असेल तर यातलं काहीच करू नका. मुलाखत मंडळाच्या सदस्यांशी परस्पर संपर्क साधणं तिथे वशिल्याचा प्रयत्न समजलं जाऊ शकतं, आणि वशिला लावणारा उमेदवार अपात्र ठरतो असं जाहिरातीतच छापलेलं असतं. तिथे खोलीतून निघताना केलेला नमस्कार पुरे. पुढचं सगळं खासगी कंपन्या, संस्था आणि खासगी शाळांपुरतं आहे.

आता मेल पोहोचल्यावर काय होतं ते बघा. पॅनेलचे लोक एकाच कार्यालयात बसतात. मेल आला की बहुतेक जण तो मनुष्यबळ विभागाकडे फॉरवर्ड करतात, म्हणजे तो उमेदवाराच्या फाइलला लागतो. त्यामुळे चौघांना वेगवेगळे गेलेले मेल शेवटी एकाखाली एक वाचले जातात. निवड करताना हे लक्षात ठेवलं की पुढचं बरंच सोपं होतं.

एकच मेल, सगळ्यांना

हा प्रामाणिक मार्ग आहे आणि लोक समजतात तितका कमी दर्जाचा नाही. मुलाखत पंधरा-वीस मिनिटांत आटोपली असेल, प्रश्न आधी ठरवलेल्या यादीतून आलटूनपालटून विचारले असतील, किंवा तुमच्याकडे फक्त मनुष्यबळ विभागाचा पत्ता असेल, तर हाच घ्या. चार-पाच वाक्यं लिहा आणि चौघांचे पत्ते उघड दिसतील असे घाला. बीसीसी करू नका. तसं केलं तर प्रत्येकाला वाटतं की मेल आपल्या एकट्याला आलाय, आणि शेजारच्या टेबलावर तोच मेल दिसला की उगाच लपवाछपवी केल्यासारखं होतं.

यात एकच मोह टाळायचा, तो म्हणजे प्रत्येकासाठी एकेक वाक्य घालण्याचा. ‘अमुक सरांचा प्रश्न विचार करायला लावणारा होता, तमुक मॅडमनी मोलाची माहिती दिली’ असं लिहायला गेलात की कुणाच्या वाट्याला दोन वाक्यं येतात, कुणाच्या वाट्याला अर्धं, आणि तुम्ही पॅनेललाच गुण दिल्यासारखं दिसतं. एकत्र लिहायचं तर चौघांत मिळून झालेल्या चर्चेतला एकच मुद्दा घ्या आणि थांबा.

एक साचा, नावं बदलून

हा पर्याय सगळ्यात जास्त वापरला जातो आणि तोच टाळावा असं माझं स्पष्ट मत आहे. एकेकटा वाचला तर मेल नीट वाटतो. फाइलमध्ये चार एकाखाली एक आले की तेच वाक्य चारदा दिसतं, आणि मग ‘आपला प्रश्न विशेष भावला’ हे चौघांनाही लिहिलंय हे कळायला वेळ लागत नाही. त्यात कॉपी-पेस्टच्या खुणा राहतात: नाव एका फॉन्टमध्ये आणि मजकूर दुसऱ्या, किंवा मायन्यात ‘मॅडम’ आणि खाली तिसऱ्या ओळीत ‘सर’.

यावर सहसा केला जाणारा उपाय म्हणजे शब्द फिरवणं. एकाला ‘धन्यवाद’, दुसऱ्याला ‘मनःपूर्वक आभार’, तिसऱ्याला ‘ऋणी आहे’. याने काही साधत नाही, कारण तोचतोचपणा शब्दांत नसतोच, मेलच्या क्रमात असतो. आधी आभार, मग प्रश्नाची स्तुती, मग ‘संस्थेत काम करायला आवडेल’, मग ‘कळवावे’. हा क्रम चारदा आला की शब्द कितीही बदला, साचा दिसतोच.

चार वेगळे मेल

यात प्रत्येक मेल वेगळं काम करतो. एकात राहिलेलं उत्तर पूर्ण करायचं, दुसऱ्यात चूक दुरुस्त करायची, तिसऱ्यात पदाबद्दलची इच्छा सांगायची. कामं वेगळी असली की वाक्यं आपोआप वेगळी होतात, मुद्दाम फिरवावी लागत नाहीत. सगळ्याला मिळून तासभर लागतो आणि कच्चा माल हाताशी असावा लागतो. तो मुलाखत संपल्यावर लगेच गोळा करायचा. बाहेर पडल्यावर चहाच्या टपरीवर उभं राहून फोनमध्ये नोंदवा: कोणी काय विचारलं, मी काय बोललो, कुठे अडलो. रात्रीपर्यंत थांबलात तर कोणता प्रश्न कोणाचा होता यात गल्लत होते, आणि एकाचा प्रश्न दुसऱ्याच्या नावावर टाकणं हे साच्यापेक्षाही वाईट.

उदाहरण घेऊ. पाणलोटाचं काम करणारी संस्था, पद प्रकल्प समन्वयकाचं. पॅनेलवर संचालिका, पाणलोट विभागप्रमुख, हिशेब अधिकारी आणि बाहेरून बोलावलेले एक निवृत्त प्राध्यापक.

विभागप्रमुखांनी विचारलं होतं: सलग समतल चर खोदल्यावर विहिरींचं पाणी वाढलं, तर ते चरांमुळे वाढलं की पाऊस चांगला झाला म्हणून, हे कसं ठरवाल? उमेदवार म्हणाला, पावसाची नोंद ठेवू. उत्तर अर्धवट होतं, तेव्हा मेलमध्ये ते पुरं करायचं:

‘सर, नमस्कार. विहिरींच्या पातळीबद्दलचा आपला प्रश्न परत येताना डोक्यात होता. नुसत्या पावसाच्या नोंदीने भागणार नाही. शेजारच्या, चर न खोदलेल्या पण तशाच जमिनीच्या गावातल्या काही विहिरीही त्याच दिवशी मोजायला हव्यात, मे महिन्यात एकदा आणि पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरमध्ये एकदा. दोन्ही गावांतल्या वाढीतला फरक पाहिला तर चरांचा वाटा किती याचा अंदाज येईल. हा मुद्दा तिथे सुचला नाही, म्हणून कळवतो. आपण वेळ दिलात, आभारी आहे.’

आभार इथे शेवटच्या ओळीत आलेत. वाचणाऱ्याला आधी त्याचा प्रश्न दिसतो, आणि इनबॉक्समध्ये मेल उघडण्याआधी जी ओळ दिसते तीही हीच.

हिशेब अधिकाऱ्यांनी परदेशी देणगीतून प्रशासकीय खर्च किती करता येतो ते विचारलं होतं. उमेदवाराने निम्म्यापर्यंत सांगितलं. ते जुनं उत्तर होतं. त्यांना एवढंच पुरे:

‘मॅडम, मुलाखतीत मी प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्के सांगितली, ती चूक होती. 2020 च्या दुरुस्तीनंतर ती 20 टक्के आहे. आपण प्रश्न विचारलात म्हणून घरी येऊन पुन्हा तपासलं. धन्यवाद.’

सगळ्यात छोटा मेल हाच, आणि माझ्या मते चारांत सगळ्यात वजनदार. हिशेब बघणाऱ्या माणसाला स्तुतीत रस नसतो. चूक आपणहून सांगणारा माणूस मात्र त्याला हवा असतो. अर्थात चूक खरंच झाली असेल तरच हे लिहा. मेलला विषय हवा म्हणून चूक शोधत बसू नका.

संचालिकांनी गावात दोन गट असतील तर ग्रामसभेत ठराव कसा घ्याल असं विचारलं होतं आणि त्या उत्तरावर चांगली चर्चा झाली. तिथे भर घालायची गरज नाही. निर्णय त्यांचा, म्हणून पदाबद्दलची इच्छा फक्त त्यांच्याच मेलमध्ये जाईल:

‘मा. संचालिका, सादर नमस्कार. काल आपण सर्वांनी दिलेल्या वेळेबद्दल आभार. ठरावाआधी दोन्ही गटांच्या वस्तीवर वेगवेगळ्या बैठका घ्यायची आपली पद्धत ऐकून हे काम करण्याची इच्छा आणखी पक्की झाली. निवड झाल्यास महिन्याभरात रुजू होऊ शकेन.’

‘संस्थेत काम करायला आवडेल’ हे वाक्य उरलेल्या तिघांच्या मेलमधून काढून टाकलं की निम्मा साचा तिथेच मोडतो.

राहिले प्राध्यापक. त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही, नुसतं ऐकलं. इथे लोक काहीतरी रचून लिहितात: ‘आपल्या उपस्थितीने प्रेरणा मिळाली.’ हे खोटं वाटतं, कारण ते खोटंच असतं. त्यांना वगळूही नये. बाहेरच्या तज्ज्ञाचा मेल पत्ता सहसा तुमच्याकडे नसतो आणि तो शोधून काढणं आगाऊपणाचं दिसतं. कार्यालयाला एक ओळ लिहा: ‘प्राध्यापक महोदयांचा पत्ता माझ्याकडे नाही. ते वेळ काढून आले, त्याबद्दल माझे आभार कृपया त्यांना कळवावेत.’ पत्ता असलाच तर थेट दोन वाक्यं पाठवा. चार मेल सारख्याच लांबीचे असले पाहिजेत असं अजिबात नाही. उलट लांबी कमी-जास्त असली की प्रत्येक मेल त्या-त्या माणसासाठी लिहिलाय हे पटतं.

पाठवण्याआधी एक चाचणी घ्या. चारही मेलची नावं झाका आणि एकाचा मेल दुसऱ्याला गेला असं समजा. वाचणारा ‘हे मला का लिहिलंय?’ म्हणत गोंधळला, तर मेल खरंच वेगळे आहेत. कुणालाच काही खटकणार नसेल, तर तो साचाच आहे, मग तुम्ही चारही मेल पहिल्यापासून टाइप केलेले असले तरी.

मग कोणता घ्यायचा?

फोनमधली नोंद उघडा. चारांपैकी निदान तिघांच्या नावापुढे नेमका प्रश्न आणि त्यावर सांगण्यासारखं काहीतरी असेल, तर वेगळे मेल लिहा. एकाच्याच किंवा दोघांच्याच नावापुढे काही असेल, तर सगळ्यांना मिळून एक मेल पाठवा आणि त्या एक-दोघांना राहिलेल्या उत्तराची ओळ वेगळी लिहा. काहीच नसेल, तर एकच मेल. साचा कुठल्याच परिस्थितीत नाही. वेळ नाही म्हणून तो वापरावासा वाटत असेल, तर त्याच वेळात एकत्रित मेल लिहून होतो आणि तो कुठल्याही फाइलमध्ये तुम्हाला अडचणीत आणत नाही.

वेळेचं म्हणाल तर दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत पाठवा. गुणपत्रकं बऱ्याच ठिकाणी मुलाखतीच्या दिवशीच भरली जातात, त्यामुळे आभाराच्या मेलने गुण वाढतील ही अपेक्षा ठेवू नका. पण दोन उमेदवार बरोबरीत असले की पॅनेल एक-दोन दिवसांनी पुन्हा बसतं आणि तेव्हा फाइल उघडली जाते. विहिरींबद्दलचं ते पुरं केलेलं उत्तर तोवर फाइलला लागलेलं असायला हवं.