पंधरा किलोचं वॉशर आणि ड्रायर: एका कपड्याला खरंच चार रुपये पडतात का?

पुण्याच्या उपनगरात आमची लाँड्री आहे. पंधरा किलोचं फ्रंट लोडिंग वॉशर-एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे धुऊन पिळणारं मशीन, आणि तेवढाच विजेवरचा ड्रायर घेतला, त्याला पावसाळा, दिवाळी आणि उन्हाळा असे तिन्ही हंगाम झाले. विकणाऱ्याने सांगितलं होतं, "एका कपड्याला चार रुपये खर्च." कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मुद्दा मशीनपेक्षा त्या चार रुपयांचा आहे.

तो आकडा खोटा नाही. आम्ही एका लोडला बारा किलो म्हणजे साधारण चाळीस नग घालतो. ठासून पंधरा किलो भरले तर कपडे नीट घुसळले जात नाहीत आणि कॉलरी तशाच राहतात. अशा लोडला दीडशे लिटर पाणी जातं. दहा हजार लिटरचा टँकर दीड हजाराला पडतो, म्हणजे कपड्यामागे छप्पन्न पैसे. पावडर दीडशे ग्रॅम, किलोला शंभर रुपयेवाली, म्हणजे चाळीसएक पैसे. कोमट पाण्यात धुवायला दोन युनिट आणि वाळवायला आठ, एकूण दहा. आमच्या बिलात स्थिर आकार सोडून बाकी सगळे आकार धरून युनिट बारा रुपयांना बसतं, म्हणजे तीन रुपये. झाले चार.

फक्त यात मशीनचा हप्ता नाही, गाळ्याचं भाडं नाही आणि माणूस तर नाहीच. हप्ता, भाडं, देखभाल आणि वीजबिलातला स्थिर आकार मिळून आमचे महिन्याला साठ हजार जातात. मशीनवरच्या मुलाचा पगार अठरा हजार. मजुरी कामाप्रमाणे कमी-जास्त होणारा खर्च, असं म्हणतात, पण हा मुलगा रिकामा बसला तरी पगार द्यावाच लागतो. खरी कामाप्रमाणे मजुरी इस्त्रीवाल्याची, नगाला पाच रुपये. पिशवी आणि टॅगचा एक रुपया धरला की दर कपड्याला दहा रुपये हातातून जातात आणि वर अठ्ठ्याहत्तर हजार वाटून घ्यायचे असतात. महिन्याला सहा हजार कपडे आले तर एक कपडा तेवीस रुपयांना पडतो, चार हजार आले तर साडेएकोणतीसला. आमचा दर बत्तीस आहे. स्वस्त पावडर आणून वीस पैसे वाचवणाऱ्यांना माझा हाच हिशेब दाखवतो.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते. विजेचे पाचातले चार भाग ड्रायर खातो, पण तो किती खाणार हे ठरतं वॉशरमध्ये, शेवटच्या पिळण्यात. बारा किलो कोरडे कपडे नीट पिळून निघाले की वजन एकोणीस किलोच्या आसपास भरतं. एखादी जाड चादर एकटीच कपड्यांत पडली की ड्रमचा तोल जातो, मशीन स्वतःला सांभाळायला वेग कमी करतं आणि तेच कपडे बावीस किलोचे होऊन बाहेर येतात. ते जादा तीन किलो पाणी उडवायला जवळपास तीन युनिट जास्त लागतात. म्हणजे कपड्यामागे नव्वद पैसे, पाणी आणि पावडर दोन्ही मिळून होतात जवळपास तेवढेच. पॅनेलवर यासाठी कोणतीही सूचना येत नाही, हा या मशीनचा मला सर्वांत मोठा दोष वाटतो. म्हणून दाराशी साधा वजनकाटा ठेवला आहे. एकवीसच्या वर गेलं की चादर काढून कपडे मोकळे करायचे आणि पुन्हा पिळायचे. वजन बरोबर असूनही वाळायला वेळ लागत असेल तर ड्रायरची लिंटची, म्हणजे कपड्यांतून सुटणाऱ्या तंतूंची, जाळी बघावी. टॉवेल जास्त असले की ती दोन लोडमध्येच भरते.

अर्धा लोडही महाग पडतो. आमच्या मशीनमध्ये पाण्याची पातळी ठरलेली आहे, वीस कपड्यांनाही पाणी, पावडर आणि धुण्याची वीज तेवढीच. चाराचे साडेपाच होतात. दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या तातडीसाठी वीस कपडे लावायचे तर जादा दर घेतोच.

जवळच्या वसतिगृहाने इस्त्रीशिवाय पंधरा रुपये नगाचं काम विचारलं, तेव्हा शेजारचा म्हणाला, तेवीस पडतात तर पंधराला कसं परवडेल? परवडतं. इस्त्री वगळली की जास्तीच्या कपड्यामागे हातातून पाचच रुपये जातात. हप्ता आणि पगार तसाही भरायचाच आहे. पण सोमवारी रविवारचा ढीग असतो, आणि धुणं चाळीस मिनिटांत उरकलं तरी वाळवणं पन्नास घेतं. त्या दिवशी ड्रायरमध्ये वसतिगृहाचे कपडे घातले तर बत्तीसवाले ताटकळतात. म्हणून त्यांना बुधवार-गुरुवार सांगितले. मशीन घ्यायचंच असेल तर पैसे वॉशरच्या आकारावर न घालता जास्त वेगाने पिळणाऱ्या मॉडेलवर घाला, आणि जमलं तर दुसऱ्या ड्रायरची जागा आधीच सोडून ठेवा.