ढोलवादक वेगळा काढायचाय: हाताने रोटो करावा की मास्क आपोआप बनवावा?

समजा मोबाईलवर घेतलेली सहा सेकंदांची क्लिप आहे. पथकाच्या सरावातला एक ढोलवादक, पांढरा कुर्ता, कमरेला ढोल, हातात टिपरू. मागे पार्किंग, झाडं, ढगाळ पांढरं आकाश आणि ये-जा करणारी दोन-तीन माणसं. गणेशोत्सवाच्या निमंत्रणासाठी वादक तेवढा हवाय, मागचं सगळं जाऊन तिथे एकरंगी पार्श्वभूमी यायला हवी. मागे हिरवा पडदा लावून शूट केलं असतं तर क्रोमा कीने काम झालं असतं. तसं केलेलं नाही, म्हणून दोन वाटा उरतात: वादकाभोवती हाताने आकार काढत जायचं, म्हणजे रोटो, किंवा चित्राचा कुठला भाग ठेवायचा हे सांगणारा मास्क संगणकाकडून बनवून घ्यायचा.

दोन्ही वाटा केडेनलाइव्ह या एकाच मोफत एडिटरमध्ये आहेत, म्हणून तुलना तिथेच करू. हाताने आकार काढण्यासाठी त्यात `Rotoscoping` हा इफेक्ट पूर्वीपासून आहे. एप्रिल 2025 मध्ये आलेल्या 25.04 आवृत्तीपासून पार्श्वभूमी आपोआप काढण्याची सोयही आली. ती मेटा कंपनीच्या, चित्रातली वस्तू ओळखून वेगळी करणाऱ्या SAM2 या मॉडेलवर चालते. दाविंची रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीतही हाताने रोटो उत्तम होतो, पण तिथलं `Magic Mask` विकतच्या स्टुडिओ आवृत्तीतच मिळतं. फुकटात दोन्ही पद्धती करून बघायच्या असतील तर केडेनलाइव्ह सोयीचं आहे.

कुठलीही पद्धत निवडली तरी सुरुवात एकच. मोबाईलच्या क्लिपमध्ये फ्रेमचा वेग अनेकदा कमी-जास्त होत असतो. अशी क्लिप आत घेताना केडेनलाइव्ह ती स्थिर वेगात बदलून देऊ का, असं विचारतं. तिथे हो म्हणा. मास्क फ्रेमला बांधलेला असतो, फ्रेम सरकली की कडा सरकते, आणि मग दोष मास्कचा की क्लिपचा ते कळत नाही.

आपोआप मास्क

आधी सेटिंगमधून ऑब्जेक्ट डिटेक्शनचं प्लगइन बसवावं लागतं. त्यासाठी काही जीबी डाउनलोड होतं, तेव्हा मोबाईल डेटावर हे करू नका. एकदा बसलं की सगळं काम तुमच्याच संगणकावर चालतं, क्लिप कुठेही अपलोड होत नाही. लहान मुलांचे किंवा घरगुती व्हिडिओ असतील तर ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असेल तर काम भराभर होतं. नसेल तर साध्या प्रोसेसरवरही होतं, पण बराच वेळ थांबावं लागतं. मॉडेल लहान-मोठ्या आकारांत मिळतं. साध्या लॅपटॉपवर लहान मॉडेलपासून सुरुवात करा.

पुढचं काम सोपं आहे. क्लिपचा हवा तेवढा भाग ठरवायचा, वादकाच्या छातीवर एक बिंदू, ढोलावर एक, पायावर एक ठेवायचा. मागचा माणूस चुकून निवडला गेला तर त्याच्यावर ‘हे नको’ असा बिंदू ठेवायचा. एका फ्रेमवर निवड नीट दिसली की पूर्ण भागाचा मास्क बनवायला सांगायचं.

निकाल पाहिला की धड, डोकं, ढोल आणि पाय बहुतेक ठीक आलेले दिसतील. बिघडतं ते तीन ठिकाणी, आणि तिन्हींमागे कारण आहे.

पहिली अडचण टिपरूची. टिपरू खाली येताना कॅमेऱ्याला ते काठीसारखं दिसत नाही, पुसट पट्ट्यासारखं दिसतं, आणि त्या पट्ट्यात मागच्या झाडांचा रंग मिसळलेला असतो. SAM2 प्रत्येक पिक्सेलला ‘आत’ किंवा ‘बाहेर’ एवढंच ठरवतं, अर्धवट पारदर्शक असं काही देत नाही. त्यामुळे चार फ्रेममध्ये टिपरू गायब, पाचवीत पुन्हा हजर, असा प्रकार होतो.

दुसरी अडचण बारीक कडांची. हे मॉडेल चित्र आधी 1024 पिक्सेलच्या चौकोनात बसवतं आणि मास्क त्याहून लहान, 256 पिक्सेलच्या आकारात काढून मग ताणून मोठा करतं. म्हणून फेट्याचा शेमला किंवा कपाळावरची बट अशा ठिकाणी कडा गोलसर, कापल्यासारखी येते. मोठं मॉडेल घेतलं तर निवड अधिक पक्की होते, पण केस मोकळे सुटत नाहीत.

तिसरी अडचण आडव्या येणाऱ्या गोष्टींची. मॉडेल मागच्या काही फ्रेमच्या आठवणीवर पुढची फ्रेम ओळखत जातं. वादकासमोरून ध्वज गेला तर ध्वजाचा तुकडा मास्कमध्ये येतो, किंवा ध्वज गेल्यावरही खांदा परत येत नाही. यावर सोपा उपाय म्हणजे त्या जागी क्लिपचे दोन भाग करायचे आणि प्रत्येक भागाचा मास्क नव्याने बिंदू ठेवून वेगळा बनवायचा.

हाताने रोटो

`Rotoscoping` इफेक्ट लावून प्रोजेक्ट मॉनिटरवर वादकाभोवती बिंदू ठेवत आकार काढायचा, काही फ्रेम पुढे जायचं, आकार हलवायचा, की कीफ्रेम तयार होते, म्हणजे त्या फ्रेमचा आकार नोंदला जातो. दोन कीफ्रेममधल्या फ्रेमचा आकार एडिटर स्वतः भरतो.

नवा माणूस इथे हमखास अख्ख्या वादकाभोवती एकच मोठा आकार काढतो. मग हात हलला की चाळीस बिंदू हलवावे लागतात आणि काम सुटतं. शरीर जिथे वळतं तिथे आकार वेगळा हवा: डोकं, धड, ढोल, दोन्ही हात, टिपरू, पाय. प्रत्येकासाठी इफेक्ट वेगळा लावायचा. अल्फा म्हणजे चित्राची पारदर्शकता. पहिल्याची अल्फा क्रिया `Write on clear` ठेवायची आणि पुढच्यांची `Maximum`, म्हणजे आकार एकमेकांत मिळत जातात. प्रत्येक आकाराला बिंदू कमी ठेवा आणि एक बिंदू कायम एकाच जागी राहू द्या. कोपरावर ठेवलेला बिंदू शेवटच्या फ्रेमपर्यंत कोपरावरच असला पाहिजे. तो मनगटाकडे सरकला की मधल्या फ्रेममध्ये हाताची कडा वळवळते.

आता कष्टाचा हिशेब. 25 फ्रेमच्या वेगाने सहा सेकंद म्हणजे 150 फ्रेम. धड फक्त डुलतंय, त्याला दर दहा-बारा फ्रेमला एक कीफ्रेम पुरते, म्हणजे सुमारे पंधरा. ढोल आणि डोक्याचंही साधारण तसंच. टिपरूचं गणित निराळं आहे. सेकंदाला दोन ठोके धरले तर बारा ठोके होतात. प्रत्येक ठोक्याला टिपरू वर असताना एक कीफ्रेम, ढोलाच्या पानावर आदळल्यावर एक, आणि जाताना-येताना मध्ये एकेक. मधल्या दोन का, तर एडिटर मधली जागा समान वेगाने भरतो आणि हात मात्र खाली येताना वेग घेतो. त्या नसल्या तर आकार टिपरूच्या मागे किंवा पुढे राहतो. म्हणजे एकट्या टिपरूच्या 48 कीफ्रेम झाल्या, आणि तो हात जवळजवळ तेवढ्याच मागतो.

हे पाहून कुणाला वाटेल की मग प्रत्येक फ्रेमच हाताने काढू. तसं करू नका. हाताने काढलेले सलग दीडशे आकार कधीच तंतोतंत जुळत नाहीत आणि चालू व्हिडिओत कडा उकळल्यासारखी थरथरते. कीफ्रेम हालचालीच्या टोकांवर आधी ठेवायच्या, मग मधोमध, आणि जिथे आकार सुटलेला दिसेल तिथेच आणखी एक.

एवढ्या कष्टाचं फळ कुठे मिळतं, तर जिथे चित्रात कडाच नाही तिथे. पांढरा कुर्ता ढगाळ आकाशात मिसळतो तेव्हा खांदा कुठे संपतो हे पिक्सेल सांगत नाहीत. खांदा कसा असतो हे तुम्हाला माहीत असतं, म्हणून रेष बरोबर पडते. टिपरूच्या पुसट पट्ट्याचंही तेच: आकार पट्ट्याएवढा रुंद काढायचा, त्या इफेक्टचं `Feather width` इतरांपेक्षा जास्त ठेवायचं, आणि कडा हळूहळू विरते. केसांच्या बाबतीत मात्र रोटोही जादू करत नाही. रेष केसांच्या जरा आतून घ्यायची आणि कडा मऊ ठेवायची, त्यापुढे जाता येत नाही.

मग निवड कशी करायची

वादक उभा राहून फक्त बोलतोय आणि मागची पार्श्वभूमी त्याच्यापासून वेगळी उठून दिसतेय, तर रोटोवर वेळ घालवू नका, आपोआप मास्क पुरेल. ग्राफिक्स कार्ड नाही, क्लिप दोन सेकंदांची आहे आणि वस्तू कडक आकाराची आहे, म्हणजे नुसता ढोल किंवा मूर्ती, तर प्लगइन बसवून होईपर्यंत हाताने रोटो संपलेला असेल. मिनिटभराच्या क्लिपचा पूर्ण रोटो एकट्याने घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यापेक्षा शॉट लहान करा.

आपल्या ढोलवादकासाठी मी दोन्ही एकत्र वापरेन. टाइमलाइनवर खाली एकरंगी पार्श्वभूमी, तिच्यावर आपोआप मास्क लावलेली क्लिप, आणि त्याच्याही वरच्या ट्रॅकवर तीच क्लिप पुन्हा, अगदी त्याच फ्रेमवर जुळवून. वरच्या प्रतीवर रोटो फक्त टिपरू आणि तो हात एवढ्याचाच. दोन्ही प्रतींत चित्र तेच असल्याने जोड दिसत नाही, आणि सात आकारांचं काम दोनवर येतं. कुर्त्याचा खांदा कुठे खाल्ला गेला असेल तर तेवढ्या फ्रेमपुरता तिसरा आकार.

तपासताना पार्श्वभूमी तात्पुरती भडक गुलाबी करा. भगव्यासारख्या रंगावर लपलेली भोकं आणि राहिलेले झाडाचे तुकडे तिच्यावर लगेच दिसतात. आधी पूर्ण वेगाने दोन-तीनदा बघा, कारण प्रेक्षक तसंच बघणार आहे. डोळ्याला खटकलं तरच त्या जागी एकेक फ्रेम पुढे जा. वादकाभोवती फिकट रेघ उरलेली दिसली तर ती जुन्या आकाशाची आहे. रोटोत रेष एक-दोन पिक्सेल आत घेतली की ती जाते. आपोआप मास्कमध्ये रेष अशी हाताने हलवता येत नाही, तिथे नवी पार्श्वभूमीच जुन्या आकाशाइतकी उजळ निवडावी. गडद लाल रंगावर जी रेघ ओरडते ती फिकट केशरीवर जवळपास नाहीशी होते.

शूट अजून व्हायचं असेल तर मोबाईलच्या प्रो मोडमध्ये शटरचा वेग 1/200 च्या आसपास ठेवा. टिपरूचा पुसट पट्टा आखूड होतो आणि दोन्ही पद्धतींचं अर्धं दुखणं तिथेच कमी होतं.

निमंत्रण केडेनलाइव्हमध्येच पूर्ण होणार असेल तर नेहमीसारखं एमपी4 काढा. कापलेला वादक दुसऱ्या कुणाला पारदर्शक स्वरूपात द्यायचा असेल तर नेहमीच्या एच.264 एमपी4 मध्ये पारदर्शकता टिकत नाही, मागे काळं येतं. त्यासाठी रेंडरच्या यादीतल्या अल्फा असलेल्या पर्यायांपैकी एक घ्या. फाइल बरीच मोठी होईल, म्हणून लागतील तेवढेच सेकंद निवडून रेंडर करा.